झिजवलेली निळाई : उल्हासनगरची जीन्स आणि विकत घेणाऱ्याचे उत्तरदायित्व

अंबरनाथहून सकाळी मुंबईकडे जाणाऱ्या लोकलच्या डब्यात उभे राहिले की समोरच्या दहा माणसांपैकी निदान चार-पाच जणांच्या अंगात जीन्स असते. तिच्याकडे जरा निरखून पाहावे. मांड्यांवर पांढुरके पट्टे असतात, गुडघ्यांमागे जाळीसारख्या फिकट रेषा असतात, खिशाच्या कडा उडालेल्या असतात. वर्षानुवर्षे अंगमेहनतीचे काम केलेल्या माणसाच्या विजारीवर अशाच खुणा उमटतात. पण ही विजार गेल्या महिन्यात घेतलेली असते, आणि ती घालणारा बहुधा दिवसभर खुर्चीवर बसून काम करतो. मग ही झीज कोणाची?

ती दुसऱ्याची आहे. कोणीतरी मजुरी घेऊन ती घडवलेली आहे. स्वस्त कपडा आणि दूरच्या कामगाराविषयीची आपली जबाबदारी यांवर अलीकडे पुष्कळ लिहिले जाते. त्या लेखनात ढाक्याचे नाव येते, चीनचे येते. आमच्या गाडीने अंबरनाथ सोडले की पुढचेच स्थानक उल्हासनगर आहे, त्याचे नाव क्वचितच येते. या लेखात मला त्या एका स्थानकापुरतेच अंतर जायचे आहे, आणि ‘जबाबदार ग्राहक’ ही आज रूढ झालेली कल्पना तेवढ्या अंतरात टिकते का, हे तपासायचे आहे.

१. निळा रंग आणि पांढरा गाभा

जीन्सचे कापड, म्हणजे डेनिम, विणताना उभे धागे निळीत रंगवलेले आणि आडवे धागे पांढरे ठेवलेले असतात. निळीचा एक जुना दोष असा की ती सुताच्या आत खोलवर शिरत नाही, धाग्याच्या बाहेरच्या थरावरच बसून राहते. गाभा पांढराच राहतो. म्हणून कापड जिथे घासले जाते तिथे निळा थर जातो आणि आतला पांढरा दिसू लागतो. रंगाऱ्याच्या दृष्टीने हे वैगुण्य आहे. जीन्सचा सगळा बाजार त्याच वैगुण्यावर उभा राहिला आहे. ज्या कापडावर वापराची नोंद उमटते, त्याच्यावर खोटी नोंदही करता येते.

ती करण्याच्या रीती अनेक आहेत. शिवून झालेल्या विजारी मोठ्या फिरत्या यंत्रात झाव्यासारख्या सच्छिद्र दगडांबरोबर घुसळतात. दगडांऐवजी, किंवा त्यांच्या जोडीला, सुताचा बाहेरचा थर खाणारे एन्झाइम वापरतात. सरसकट फिका रंग हवा असेल तर ब्लीच घालतात. मांडीवरचे ते ठळक पांढरे पट्टे मात्र यंत्रात येत नाहीत. त्यासाठी विजार फुगवलेल्या साच्यावर चढवतात, सँडपेपरने हाताने घासतात आणि मग पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे द्रावण फवारतात. धंद्यात त्याला ‘पीपी स्प्रे’ म्हणतात. काही वेळाने निळ उडते, कापडावर तपकिरी डाग राहतो, आणि दुसऱ्या रसायनात बुडवून तो काढला की शुभ्र पट्टा उरतो. कापडावरचा तपकिरी रंग असा धुऊन काढला जातो, पण फवारणाऱ्याच्या बोटांवरचा आणि नखांवरचा कोणी काढत नाही. हे काम कोण करतो ते ओळखायचे असेल तर हात पाहावेत. फवाऱ्याचे तुषार श्वासावाटे गेले तर घसा आणि फुप्फुसे जळजळतात. त्यासाठी चांगला मुखवटा, हवा ओढून घेणारा पंखा आणि पाण्याचा पडदा हवा. पत्र्याच्या गाळ्यात यांपैकी सहसा रुमाल तेवढा असतो.

याहून भयंकर एक रीत होती, दाबाखालच्या हवेने वाळू मारण्याची. तिच्यामुळे तुर्कस्तानात तरुण कामगारांना सिलिकोसिस झाला, माणसे मेली, आणि २००९ साली त्या देशाने ही रीत बंद केली. दगडाच्या खाणीत आयुष्य काढलेल्या माणसाला होणारा आजार विजारी जुन्या दिसाव्यात म्हणून काही वर्षांतच विशी-पंचविशीच्या पोरांना जडला होता. त्यानंतर मोठ्या नाममुद्रांनीही ती सोडल्याचे जाहीर केले. ही घटना पुढच्या विवेचनासाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण इथे विकत घेणाऱ्याच्या मनात कालवाकालव होऊन काही थांबले असे झाले नाही. आधी रोगाचे निदान झाले, मग आजारी कामगार व त्यांच्या बाजूने उभे राहिलेले डॉक्टर बोलले, मग कायदा आला आणि नंतर बाजार हलला.

२. कॅम्पातली विजार

उल्हासनगर हे मुळात दुसऱ्या महायुद्धातले लष्करी तळ, कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींत ठेवले गेले आणि १९४९ साली त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही तिथला पत्ता कॅम्प नंबर १ ते ५ असाच सांगतात. जमीन नाही, शेती नाही, सरकारी नोकरी नाही, अशा माणसांनी घरातच उद्योग मांडले. दुसऱ्याच्या मालासारखा माल स्वस्तात करून देणे ही त्या उद्योगांची ख्याती झाली. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद महाराष्ट्रात तीन पिढ्यांनी ऐकला आहे. त्या विनोदात हेटाळणी होती, आणि सारे गमावून आलेल्या लोकांच्या चिवटपणाची कबुलीही होती. माझ्या विषयाच्या दृष्टीने तो विनोद अगदी नेमका आहे. कपड्यावरची चिठ्ठी खरे सांगत नाही, हे त्याने विकत घेणाऱ्याला आधीच सांगून ठेवले होते.

जीन्सचा धंदा मुख्यतः कॅम्प ४ आणि ५ मध्ये वाढला. डेनिम येते ते बरेचसे अहमदाबादच्या गिरण्यांतून. माल काढणारा व्यापारी कापड घेतो. कटिंग मास्टर कापडाचे थर एकावर एक अंथरून एका वेळी शेकडो विजारींचे भाग कापतो. त्यांची बंडले शिलाईच्या गाळ्यांत जातात. तिथे ठेकेदार असतो आणि त्याच्या हाताखाली कारागीर असतात, बरेचसे उत्तर प्रदेश व बिहारातून आलेले. त्यांना महिन्याचा पगार नसतो, नगावर मजुरी असते. खिसा लावण्याचे इतके, चेन लावण्याचे इतके, पट्टा बसवण्याचे इतके. काज-बटण दुसरीकडे होते. सुटलेले धागे कापायचे काम आसपासच्या वस्तीतल्या बायकांकडे घरी जाते. मग धुलाई, मग इस्त्री, मग चिठ्ठी, आणि मग घाऊक बाजार.

एका विजारीवर अशा सात-आठ ठिकाणी काम होते आणि प्रत्येक ठिकाणचा मालक वेगळा असतो. ही विभागणी निव्वळ कामाच्या सोयीसाठी झालेली नाही, तिला कायद्याचीही बाजू आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार असले की ती ‘कारखाना’ ठरत असे. महाराष्ट्राने २०१५ साली दुरुस्ती करून ही मर्यादा वीसवर नेली. अठरा मशिनांचा गाळा या व्याख्येत बसत नसे. मग कारखाना निरीक्षकाची भेट, दुसरा जिना, हवा खेळती ठेवण्याची सक्ती, जादा कामाचे दुप्पट दर या गोष्टी तिथे त्या अधिनियमाच्या बळावर मागता येत नसत. घरी धागे कापणारी बाई तर कोणाचीच कामगार नसते. घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९९६ चा करार आहे, पण भारताने तो मान्य केलेला नाही. नगावर मजुरी घेणाऱ्यालाही किमान वेतन मिळाले पाहिजे, असे कायदा फार पूर्वीपासून सांगतो. पण त्यासाठी त्याने किती तास काम केले ते कुठेतरी लिहिलेले हवे. बंडलांच्या वहीत नग लिहिलेले असतात, तास नसतात.

३. दहा रुपयांचा प्रवास

‘आपण थोडे जास्त पैसे दिले तर त्या माणसाला बरे दिवस येतील,’ हे वाक्य जबाबदार ग्राहकाच्या विचाराचा गाभा आहे. ते हिशेबावर घासून पाहू. पुढचे आकडे मी समजुतीसाठी धरले आहेत.

समजा, एक विजार दुकानात ५०० रुपयांना मिळते आणि तिच्या कापण्या-शिवण्याची सगळी मजुरी मिळून ५० रुपये होते. मजुरी पाचव्या हिश्शाने वाढवायची म्हटली तर १० रुपये लागतील. मग विजार ५१० ला पडावी. पण साखळीतला प्रत्येक जण आपला नफा टक्क्यांत धरतो. माल काढणाऱ्याने १० टक्के, घाऊकवाल्याने २० टक्के आणि दुकानदाराने ५० टक्के लावले, तर खालचे १० रुपये वर येता येता ११, मग १३ रुपये २० पैसे, आणि शेवटी १९ रुपये ८० पैसे होतात. म्हणजे कारागिराला दहा मिळावेत म्हणून गिऱ्हाइकाने वीस मोजायचे. तरीही हे ओझे फार नाही. विजार ५२० ला झाली तर कोणी उघडे राहणार नाही. मजुरी वाढवली तर गरिबाला कपडा परवडणार नाही, हा नेहमीचा आक्षेप म्हणूनच तितकासा खरा नाही.

अडचण उलट्या दिशेला आहे. गिऱ्हाइकाने आपण होऊन वीस जास्त दिले, तर खाली दहा जातील का? जाणार नाहीत. ते पैसे गल्ल्यात पडतील आणि तिथेच थांबतील, कारण त्या विजारीची शिलाई तीन महिन्यांपूर्वी ठरलेल्या दराने चुकती झालेली असते, किंवा अजून उधार असते. घासाघीस करून कमी केलेले पन्नास रुपये मात्र खाली नक्की पोहोचतात. दुकानदार पुढच्या खेपेला घाऊकवाल्याला दर पाडायला सांगतो, तो माल काढणाऱ्याला, तो ठेकेदाराला. ठेकेदाराच्या हातात कमी करण्याजोगी एकच गोष्ट असते. कापडाचा भाव गिरणी ठरवते, वीज कंपनी ठरवते, गाळ्याचे भाडे मालक ठरवतो. उरतो तो नगाचा दर. आमची काटकसर अशी पायरी-पायरीने उतरत कारागिरापर्यंत जाते, आणि आमचे औदार्य पहिल्याच पायरीवर बसून राहते. म्हणून महाग कपडा घेतला की न्याय्य कपडा घेतला, असे होत नाही. मॉलमधली दोन हजारांची आणि रस्त्यावरची चारशेची विजार एकाच धुलाईच्या यंत्रातून निघालेली असणे सहज शक्य आहे.

४. चिठ्ठी नसलेला कपडा

दूरच्या माणसाविषयीच्या कर्तव्याची आधुनिक चर्चा पीटर सिंगर यांच्या १९७२ मधल्या निबंधापासून सुरू झाली असे मानतात. त्यांचे म्हणणे साधे होते : समोरच्या तळ्यात बुडणारे मूल वाचवणे कर्तव्य असेल, तर हजारो मैलांवर उपाशी मरणारे मूल वाचवणेही तितकेच कर्तव्य आहे, अंतराने नीती बदलत नाही. युक्तिवाद भेदक आहे, पण कपड्याच्या बाबतीत तो अपुरा पडतो. तळ्याकाठचा माणूस मूल बुडण्याला कारण नसतो. आपण मात्र विजार विकत घेतलेली असते.

आयरिस मॅरियन यंग या अमेरिकी तत्त्वज्ञ बाईंनी नेमका हाच धागा पकडला. त्यांचे ‘रिस्पॉन्सिबिलिटी फॉर जस्टिस’ हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, २०११ साली निघाले. त्यांनी दोष आणि उत्तरदायित्व वेगळे केले. स्वस्त कपडा घेणारा गुन्हेगार नाही. त्याने कोणताही नियम मोडलेला नाही. पण ज्या व्यवहारांतून अन्याय पुन्हा पुन्हा निपजतो त्यांत त्याचा वाटा आहे, म्हणून ते व्यवहार बदलण्याची जबाबदारीही इतरांच्या जोडीने त्याच्यावर आहे. ती मागचा हिशेब चुकवण्याची नाही, पुढची रचना सुधारण्याची आहे. ती एकट्याने पार पाडता येत नाही, ती सामूहिकच असते. कोणावर किती, हे त्याची सत्ता, त्याला मिळणारा लाभ, त्याचा हितसंबंध आणि संघटित होण्याची त्याची क्षमता यांवरून ठरते.

यंग यांचा विचार मला सिंगर यांच्यापेक्षा अधिक उपयोगाचा वाटतो. तरी त्यांच्यासमोर जे उदाहरण होते ते विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांनी मोठ्या नाममुद्रांविरुद्ध केलेल्या चळवळीचे. त्या चळवळीला धरायला एक दोरी होती, कपड्यावरच्या नावाची. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावरला राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि ११३४ माणसे मेली, तेव्हाही हेच झाले. ढिगाऱ्यात युरोपातल्या दुकानांच्या चिठ्ठ्या सापडल्या. ज्यांची नावे तिथे सापडली त्यांना हात झटकता येईनात. काही आठवड्यांत कामगार संघटना आणि कंपन्या यांच्यात इमारती व आगीच्या सुरक्षिततेचा करार झाला. पुढे दोनशेहून अधिक कंपन्या त्यात आल्या आणि तो कायद्याने बांधणारा होता. कंपनी जुमानत नसेल तर तिला लवादापुढे खेचता येत असे.

उल्हासनगरच्या विजारीवर तशी दोरी नाही. तिच्यावर नाव असते, पण ते कोणाचे नसते. कधी ते नावाजलेल्या नावाची एक-दोन अक्षरे फिरवून केलेले असते, कधी घाऊकवाल्याच्या मुलीचे. त्यामुळे बहिष्कार घालायचा तर कोणावर? पत्र लिहायचे तर कोणाला? हा माल परदेशी दुकानांत फारसा जात नाही, आमच्याच आठवडे बाजारांत, जत्रांत आणि तालुक्याच्या पेठांत जातो. घेणारा बराचसा स्वतःच रोजंदारीवरचा माणूस असतो. त्याला ‘जागरूक ग्राहक व्हा’ म्हणून सांगण्यात थोडा उद्धटपणाही आहे. नाशिकच्या बांधकामावरचा बिगारी चारशेची विजार घेतो तेव्हा एक नगावर जगणारा दुसऱ्या नगावर जगणाऱ्याचे श्रम विकत घेत असतो. तिथे लाभ कोणाचा आणि जबाबदारी कोणाची?

५. आमची स्वतःची परंपरा

कपड्याच्या नीतीचा विचार आपल्याकडे परदेशातून आलेला नाही. ७ ऑक्टोबर १९०५ ला पुण्यात विलायती कापडाची होळी झाली, आणि त्याच्याही आधी सार्वजनिक काका स्वतः कातलेल्या सुताचे कपडे घालून हिंडले होते. पण स्वदेशीने विचारलेला प्रश्न ‘कापड कोणत्या देशाचे?’ हा होता. ‘विणणाऱ्याला काय मिळाले?’ हा नव्हता. मुंबईच्या गिरणीमालकांचा माल स्वदेशीच्या लाटेत खपला. त्याच गिरण्यांतल्या कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापली होती आणि आठवड्याची सुटी मागितली होती. तो प्रश्न होळीपर्यंत पोहोचला नाही.

पोहोचला तो नंतर, आणि खादीच्याच घरात. १९३५ साली गांधीजींनी अखिल भारत चरखा संघापुढे एक अडचणीचा प्रश्न टाकला. खादी स्वस्त राहावी म्हणून आपण कातणाऱ्या बाईला पोट भरणार नाही इतकी मजुरी देतो. मग आपल्यात आणि गिरणीत फरक काय? आठ तासांच्या कताईला आठ आणे मिळाले पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे होते. कार्यकर्ते घाबरले, खादी महागेल आणि खपणार नाही म्हणाले. अखेर संघाने आठ आण्यांहून बरीच कमी, पण आधीपेक्षा जास्त अशी किमान मजुरी ठरवली. खादी महागलीच. तरी पैसा गिऱ्हाइकाकडून कातणारीपर्यंत गेला, आणि तो का गेला हे पाहण्यासारखे आहे. कापूस देणारा, सूत घेणारा, कापड विणवून घेणारा आणि भांडारात विकणारा हे सारे एकाच संघाच्या शिस्तीखाली होते. मधल्या पायऱ्यांवर पैसा थांबवायला कोणी मोकळा नव्हता. खादीची नीती गिऱ्हाइकाच्या हृदयपरिवर्तनाने यशस्वी झाली असे आपण समजतो. मला ती साखळीच्या आखूडपणाने यशस्वी झालेली दिसते. उल्हासनगरच्या साखळीत सात मालक आहेत, आणि त्यांतल्या कोणाला दुसऱ्याच्या वहीत डोकावण्याचा अधिकार नाही.

६. वालधुनीची फिर्याद

तरी या विजारीविरुद्ध एक फिर्याद झाली. ती नदीच्या बाजूने झाली. काकोळ्याच्या डोंगरात उगम पावलेली वालधुनी अंबरनाथच्या शिवमंदिराला वळसा घालून उल्हासनगरातून कल्याणकडे जाते. शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा शिलालेख असलेले ते देऊळ ज्या पाण्याच्या आधाराने बांधले गेले, त्या पाण्याला आम्ही लहानपणापासून नाला म्हणत आलो. रासायनिक कारखान्यांचे पाणी, शहरांचे सांडपाणी आणि जीन्सच्या धुलाईचे निळे-काळे पाणी तिच्यात एकत्र येत असे. सगळा दोष जीन्सवर टाकणे चूक ठरेल. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस उल्हासनगरात नदीकाठच्या शेकडो रहिवाशांना एकाएकी श्वासाचा त्रास झाला, ते टँकरने आणून ओतलेले रसायन होते, विजारींची निळ नव्हती.

‘वनशक्ती’ या संस्थेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने जुलै २०१५ मध्ये उल्हास नदीच्या प्रदूषणाबद्दल सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे आणि स्थानिक संस्था यांना मिळून सुमारे ९५ कोटी रुपयांचा दंड सुनावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या दट्ट्याखाली पुढच्या काही वर्षांत उल्हासनगरातले जीन्स धुलाईचे शेकडो कारखाने बंद करण्यात आले, त्यांची वीज आणि पाणी तोडले गेले. नदीवर प्रेम करणाऱ्या आम्हा मंडळींना बरे वाटले.

मग काय झाले? विजारींची मागणी तशीच होती. माणसांनी फिकी जीन्स घालायची थांबवली नाही. काही धुलाई दुसऱ्या शहरांत गेली, काही आसपासच्या गावांच्या हद्दीत, जिथे ग्रामपंचायत आहे पण तपासणी नाही, तिथे चोरून सुरू झाल्याच्या तक्रारी येत राहिल्या. मालक नव्या जागी गेला. धुलाईवरचा मजूर एक तर त्याच्यामागे गेला, नाही तर गावी परतला. त्याची कुठेच नोंद नसल्याने त्याला नुकसानभरपाई द्यायचा प्रश्नच उद्भवला नाही. लवादापुढे नदीला वकील मिळाला, आणि ते योग्यच झाले. त्याच पाण्यात बारा तास हात घालून उभा असलेल्या माणसाचे त्या फिर्यादीत स्थान नव्हते. पर्यावरणाची नीती आणि श्रमाची नीती या दोन वेगवेगळ्या खिडक्यांवर आपण दोन वेगळे अर्ज करतो, आणि एका खिडकीवर मिळालेला न्याय दुसरीकडच्या माणसाच्या पोटावर पाय देऊन जातो. सामूहिक प्रक्रिया केंद्र आधी उभे राहिले असते, आणि बंदीचा हुकूम नंतर निघाला असता, तर पाणीही वाचले असते आणि रोजगारही. हा क्रम लावणे एकट्या गिऱ्हाइकाच्या हाती नाही, पण नागरिक म्हणून मागण्याजोगा तो आहे.

७. साहित्यातली रिकामी जागा

मराठी साहित्याला कापड घडवणारा माणूस परका नाही. मामा वरेरकरांच्या ‘धावता धोटा’त तो आहे, नारायण सुर्व्यांच्या कवितेत तो ताठ मानेने बोलतो, आणि जयंत पवारांच्या ‘अधांतर’मध्ये १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर विस्कटलेले त्याचे घर आहे. या सगळ्या लेखनाला एक गोष्ट उपलब्ध होती. गिरणी कामगाराला पत्ता होता. त्याची चाळ होती, भोंगा होता, युनियन होती, हजेरीपटावर नाव होते. म्हणून त्याची हारसुद्धा लिहिता आली. संप संपला तेव्हा कापड विणणे आणि शिवणे थांबले नाही. ते भिवंडीच्या यंत्रमागांवर आणि उल्हासनगरच्या गाळ्यांत पत्ता नसलेल्या माणसांच्या हाती गेले. आपण गिरणगावाविषयी अजून हळवे होतो, आणि अंगावरची विजार मात्र त्या हळवेपणाच्या बाहेर ठेवतो. ज्याची नोंद बंडलांच्या वहीत नाही, तो आपल्या कथेतही आलेला नाही. तो मराठी बोलत नाही हेही त्याचे एक कारण असावे, आणि ते आपल्याला शोभणारे नाही.

‘जबाबदार ग्राहक’ या कल्पनेविषयी माझे म्हणणे आता एवढेच उरते. ती खोटी नाही, पण ती चुकीच्या ठिकाणी उभी आहे. दुकानाच्या काउंटरवर माणसाकडे फार थोडे असते : घेणे, न घेणे, किंवा कमी घेणे. कमी घेणे चांगलेच, निळ आणि पाणी वाचते. मुद्दाम झिजवलेल्या कपड्याऐवजी साधी गडद जीन्स घ्यावी, हेही खरे आहे. घासणे आणि फवारणे या दोन सर्वांत घातक पायऱ्या तिच्यात नसतात. पत्त्याशिवायच्या मालाच्या बाजारात एवढी एकच निवड मला अशी दिसते की जिचा परिणाम काय होतो ते घेणाऱ्याला नुसत्या डोळ्यांनी कळते. पण त्या निवडीने नगाचा दर वाढत नाही, आणि पांढऱ्या पट्ट्यांवर ज्याचे पोट आहे त्याचे काम जाते. लेसर यंत्रांनी ते पट्टे उमटवायला मोठ्या कंपन्यांनी सुरुवात केली आहेच. त्यात विष नाही, आणि माणूसही नाही.

काउंटरच्या बाहेर मात्र तोच गिऱ्हाईक मतदार असतो, पालिकेचा करदाता असतो, लिहिणारा-वाचणारा असतो. वीसच्या आतला गाळा ‘कारखान्या’च्या व्याख्येबाहेर का, हे त्याला विचारता येते. बंडलांच्या वहीत तासांचा रकाना असावा, ही मागणी त्याला करता येते. कल्याण ते बदलापूर या पट्ट्यात धुलाईसाठी प्रक्रिया केंद्रासह एक जागा का नाही, हे पालिकेच्या सभेत त्याला मांडता येते. यंग यांच्या भाषेत हे सामूहिक उत्तरदायित्व. आमच्याकडे ते आणखी जवळचे आहे, कारण इथे दूरचा कामगार दूर नाही. कॅम्प ५ ची हद्द अंबरनाथला टेकलेली आहे. रात्रीच्या शेवटच्या लोकलला उल्हासनगरला काही पोरे चढतात. त्यांच्या पाठीवर दप्तर नसते, अंगावर सुताचे बारीक निळे तुसे बसलेले असतात. डब्यात जागा असली तरी ती बहुधा दाराशीच उभी राहतात. परवा त्यांतल्या एकाच्या बोटांकडे माझे लक्ष गेले. नखे तपकिरी होती. मग माझी नजर आपसूक माझ्या गुडघ्यावर गेली, तिथल्या पांढऱ्या पट्ट्यावर.